पायातली गुठळी आणि हृदयाची गोळी

ज्या वर्षी पुतणीला, म्हणजे दादाच्या मुलीला, जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी दादाचा घोटा मोडला. नाती बघायला निघालेला हा माणूस, चौतीस वर्षं बस चालवलेला, बसच्याच पायरीवरून घसरला. चाळीतल्या लोकांना हसावं की हळहळावं ते कळेना. दादा स्वतःच म्हणाला, "आयुष्यभर पुढच्या दाराने चढलो-उतरलो. मागच्या दाराची पायरी केवढी उंच असते ते कधी कोणी सांगितलं मला?"

पाच आठवडे प्लास्टर होतं. दादा पहिल्या मजल्यावर एकटा राहायचा. वहिनीला जाऊन सात वर्षं झाली होती, आणि पुतणी दोन दिवसांच्या प्रवासावर, पदरात दोन तान्ह्या. सकाळ-संध्याकाळ डबेवाली बाई दारात डबा ठेवून जायची. दादाच्या बरोबर खाली, तळमजल्यावर पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत, धाकटा भाऊ राहायचा. त्याला सगळे बारक्या म्हणत. साठीला टेकलेला, दार भरून उभा राहणारा माणूस, पण लहानपणी पडलेलं नाव कोण बदलणार? मोठ्या इस्पितळात मात्र त्याला मामा म्हणायचे. तिथे तो शवविच्छेदनाच्या खोलीत कामाला होता. मयत टेबलावर घ्यायची, डॉक्टरीणबाईंना हाताखाली मदत करायची, मग टाके घालून, धुऊन-पुसून नातेवाइकांच्या स्वाधीन करायची. सव्वीस वर्षं झाली होती.

ही नोकरी लागली त्या दिवसापासून दादाने बारक्याच्या हातून काही घेतलं नव्हतं. भांडण असं कधी झालं नाही. पहिल्या आठवड्यात बारक्याने पुतणीला उचलायला हात पुढे केले, तेव्हा वहिनी पोरीला घेऊन आत गेली आणि दादा म्हणाला, "राहू दे रे, आत्ताच कामावरून आलास." बारक्या दोनदा अंघोळ करून आला होता. पुन्हा त्याने हात पुढे केला नाही. चहाचा कप तो टेबलावर ठेवायचा आणि दादा टेबलावरून उचलायचा. वहिनी गेली, पुतणी लग्न होऊन गेली, तरी कप टेबलावरूनच जात-येत राहिला. बारक्याचं लग्न झालं नाही. दोन ठिकाणी बघायला गेले होते. मुलगा इस्पितळात आहे म्हटल्यावर माणसं खूश व्हायची, कुठल्या खोलीत ते कळल्यावर पाण्याचा पेला अर्धाच ठेवून उठायची.

तर प्लास्टर निघालं आणि दोन दिवसांत दादाची पोटरी सुजली. ताणली गेली, गरम लागायला लागली, दाबली की ठणकायची. हाडाच्या डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफीला पाठवलं. मांडीपर्यंत गेलेल्या खोल शिरेत गुठळी निघाली. त्यांनी नवीन गोळी लिहून दिली, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, पहिले तीन आठवडे, मग दिवसातून एक. आणि सहा वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यापासून दादा जी छोटी पांढरी गोळी रोज घ्यायचा, ती त्यांनी तूर्त बंद केली. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तस्राव होण्याची भीती, असं ते म्हणाले. हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारलंही होतं. पण दादाचं लक्ष तोपर्यंत उठायला वॉकर शोधण्यात होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बारक्या वर गेला. कपाटावर दोन पाकिटं होती. नव्या गोळ्यांचं एकही घर फुटलेलं नव्हतं. जुन्या पाकिटातल्या तीन गोळ्या कमी झाल्या होत्या.

"दादा, ही चालू केली नाहीस?"

"कशाला? दोन्ही रक्त पातळ करायच्याच ना? मी सहा वर्षं रक्त पातळ करून बसलोय. तो हाडवाला पोरगा, त्याला काय ठाऊक हृदयाचं? विसरला असेल. स्टेंट आहे म्हटल्यावर हृदयाची गोळी कोण बंद करतं? दोन्ही घेतल्या तर नळ उघडल्यासारखं रक्त जाईल, असं तोच म्हणाला. मग एक घेतो. माझी घेतो."

"त्या दोन्ही एक नाहीत, दादा. मी पाहिलंय. पायातली गुठळी निराळी असते—"

"तू पाहिलंयस!" दादा हसला. "बारक्या, एक सांग. सव्वीस वर्षांत तुझा एक तरी रोगी बरा होऊन घरी गेला का?"

विनोद चांगला होता. दुसऱ्या कोणी केला असता तर बारक्याही हसला असता. त्याने पाकीट होतं तसं ठेवलं आणि खाली आला. आपल्याला काय करायचंय, असं म्हणत त्याने भात टाकला, आणि अर्धा टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी काम कमी होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला नमुन्यांच्या खोलीतल्या बरण्या पुसायला सांगितल्या. विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या त्या बरण्या. त्यातल्या कितीतरी बारक्यानेच बाईंच्या हाताखाली धुऊन, बांधून तयार केलेल्या होत्या. खालच्या फळीवर दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या. एकीत हृदयाची धमनी उभी चिरून ठेवलेली, आतल्या भिंतीवर चुन्यासारखा थर, तो एका जागी फुटलेला, आणि त्या फुटल्या जागेला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढी करडी-पांढरी गुठळी. दुसरीत फुप्फुसाकडे जाणारी मोठी नळी, आणि तिच्यात वेटोळं घालून बसलेली बोटाएवढी जाड, वीतभर लांब गुठळी. औषधाच्या पाण्यात ती आता तपकिरी झाली होती, पण बारक्याला तिचा मूळ रंग आठवत होता. काळपट लाल. पायाच्या शिरेचा साचा घेऊन आली होती ती. शिरेतल्या झडपांच्या खुणासुद्धा तिच्यावर होत्या.

ती गुठळी निघाली त्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांना बाईंनी विचारलं होतं, मेल्यावर साकळलेलं रक्त आणि ही गुठळी, फरक कसा ओळखाल? सगळ्यांनी वह्यांत डोकं घातलं. बाई म्हणाल्या, मामांना विचारा. बारक्याने सांगितलं होतं, मेल्यानंतरचं असतं ते ओलं, चकचकीत, बोटातून निसटतं. ही कोरडी असते, बोटाने तुटते, आणि नीट बघितलं तर तिच्यात रेघा दिसतात. बाई म्हणाल्या होत्या, "बघा, पुस्तकात तीन पानं आहेत यावर." त्यानंतर बाईंनी बाकीचंही सगळं समजावून सांगितलं होतं आणि बारक्या कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. कोणाला सांगायचं म्हणून नव्हे. ऐकलेलं राहतं, एवढंच.

त्या वीतभर गुठळीचा माणूसही त्याला आठवत होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. रोजच्या रोज घेतलेलं. बारक्यानेच ते काढून बायकोच्या हातात दिलं होतं.

बरणी पुसून त्याने फळीवर ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा पुसली. आज घरी गेल्यावर सांगायचंच, असं ठरवलं. पण संध्याकाळी जिना चढून दादाच्या दारापर्यंत गेला, आतून रेडिओवरच्या बातम्या ऐकू आल्या, आणि तो विनोद पुन्हा कानात वाजला. बारक्या तसाच खाली आला.

दादाचा चालायचा वॉकर लोखंडी होता आणि त्याच्या एका पायाचं रबर गेलेलं होतं. त्यामुळे वर तो चालायला लागला की खाली बारक्याच्या छतावर टक् टक् वाजायचं. पाच-सहा आठवडे बारक्या त्या आवाजावर घड्याळ लावायचा. पलंग ते मोरी अठरा ठोके. मोरी ते ओटा दहा. डबा घ्यायला दारापर्यंत बारा. रात्री शेवटचे अठरा झाले की बारक्या दिवा मालवायचा. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, पण घरात माणूस असल्यासारखं वाटायचं.

दारातून परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्या दाढी करत होता. वर टक् टक् सुरू झालं. चार ठोके. मग गप्प. बारक्याचा हात थांबला. पुन्हा चार. गप्प. पुन्हा तीन.

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो वर धावला.

दादा ओट्याला टेकून उभा होता. ओठ फिकट, कपाळावर घाम.

"काय होतंय?"

"काही नाही. श्वास... जरा पुरत नाही. इथे बरगडीत टोचतंय, श्वास घेतला की. गॅस असेल." मग त्याच्या गालाकडे बघून म्हणाला, "हे काय सोंग?"

"गॅस नाही. चल इस्पितळात."

"हृदयाचं असेल तर गोळी घेतलीय मी. आत्ताच घेतली. एक जास्तीची पण घेतली."

बारक्याने खुर्ची ओढली, पण त्याला हात धरून बसवलं नाही, फक्त ती त्याच्या मागे ठेवली. दादा आपणच बसला. मग बारक्या समोर उकिडवा बसला.

"दादा, नीट ऐक. मधे बोलू नको, श्वास राखून ठेव. रक्त काही पातळ होत नाही. तो काय रंग आहे टर्पेंटाईन घालायला? लोक तसं म्हणतात, एवढंच. हृदयाची धमनी म्हणजे हमरस्ता. रक्त जोरात धावतं. कुठे कडेचा कठडा फुटला की तिथे बघ्यांची गर्दी होते. आपल्या रक्तात प्लेटलेट असतात ना, तेच हे बघे. धावत येतात, एकमेकांना धरतात, दुसऱ्यांना हाका मारतात. रस्ता बंद. तिथली गुठळी त्यांचीच, म्हणून पांढरी. तुझी जुनी गोळी त्या बघ्यांना सांगते, हाका मारू नका, गोळा होऊ नका. बरोबर? तिथे तीच लागते."

दादाने मान हलवली. रस्त्याचं त्याला कळत होतं.

"आता पायाची शीर. ती परतीची वाट. तिथे जोर नाही. आणि तू पाच आठवडे प्लास्टरमध्ये पाय अडकवून बसलास. म्हणजे काय झालं, सांग. डेपोत गाडी उभी करून ठेवली."

"जाळी धरते," दादा म्हणाला. "चाकात. आरशात."

"तेच. रक्त रेंगाळलं की त्यात धागे धरतात. फायब्रिन म्हणतात त्याला. धाग्यांचं जाळं होतं आणि रक्तातल्या लाल पेशी त्यात अडकत जातात. म्हणून ती गुठळी लाल, लांबच लांब. तिथे बघ्यांची गर्दी हे मुख्य कारणच नाही. थोडे असतात, पण काम धाग्यांचं. तू त्या बघ्यांना कितीही शिट्ट्या मार, जाळं विणायचं थांबत नाही. नवी गोळी धागा तयार होण्याचं काम अडवते. तू ती घेतली नाहीस. जाळं वाढलं, त्याचा एक तुकडा सुटला, आणि तो वर आलाय. हृदयातून पुढे फुप्फुसात." त्याने स्वतःच्या बरगडीवर बोट ठेवलं. "इथे."

"तुला कसं ठाऊक?"

"माझे रोगी घरी जात नाहीत म्हणून ठाऊक," बारक्या म्हणाला. "मी त्या गुठळ्या हातात धरल्यात, दादा. दोन्ही. डोळे मिटून सांगेन कुठली कुठली. परवा दिवशीच सांगायला हवं होतं. तू हसलास आणि मी रुसून बसलो. काल दारापर्यंत येऊन परत गेलो. चुकलो."

दादाने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "जिना कसा उतरायचा?"

बारक्याने एक हात त्याच्या पाठीमागून घातला, एक गुडघ्यांखालून, आणि उचललं. माणूस कसा उचलायचा ते त्याच्या हातांना पाठ होतं. डोकं कुठे टेकवायचं, कोपरा कसा वळवायचा, पायरी न बघता पाऊल कसं ठेवायचं. सव्वीस वर्षांत दादाने त्याला स्पर्श केला नव्हता, आणि आता दादाचा गाल त्याच्या साबणाच्या गालाला लागला.

"सांभाळून," दादा धापा टाकत म्हणाला. "मी अजून गरम आहे."

"म्हणून तर जड लागतोयस," बारक्या म्हणाला.

इस्पितळात अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरणीने छातीत दुखतंय आणि स्टेंट आहे म्हटल्यावर आधी हृदयाचा आलेख काढला. तो काढत असतानाच बारक्याने न फुटलेलं पाकीट आणि पायाचा सोनोग्राफीचा कागद तिच्यासमोर धरला. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, एकही घर फुटलेलं नाही हे पाहिलं. आलेखात हृदयाचा झटका दिसला नाही. बोटाला लावलेल्या चिमट्यात प्राणवायू कमी दिसत होता. शिरेतून रंग सोडून छातीचा स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसाच्या एका फांदीत गुठळी अडकली होती. पोटाच्या कातडीत हेपॅरिनची सुई सुरू झाली.

दादा विचारायचा थांबला नाही. "मग ती विरघळवून टाका ना."

"विरघळवायचं औषध आहे, आजोबा, पण त्याने मेंदूतसुद्धा रक्त वाहू शकतं. तुमचा रक्तदाब ठीक आहे, तेवढा धोका घ्यायचं कारण नाही. हे औषध गुठळी वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. झालेली गुठळी शरीर हळूहळू स्वतः खाऊन टाकतं."

"आणि हृदयाचं काय?"

"स्टेंटला सहा वर्षं झाली. इतक्या जुन्या स्टेंटला सध्या तेवढं पुरतं; सुईनंतर ती नवी गोळी एकटीच दोन्हीकडे बघेल. नंतर तुमची जुनी परत देऊ."

चार दिवसांनी दादा घरी आला. घरी आल्यावर पहिल्या जेवणाला बारक्याने पाकीट फोडलं. सवयीने गोळी टेबलावर ठेवणार होता. दादाने पंजा पसरला. बारक्याने गोळी त्या पंजात ठेवली, आणि दादाने बोटं मिटली.

तीन आठवडे दिवसातून दोनदा. जेवणाबरोबर म्हणजे जेवण संपेपर्यंत बसावं लागायचं. डबा दोघांत होऊ लागला. दादा रस्त्यांच्या गोष्टी सांगायचा, ब्रेक निकामी झाले तेव्हाची, गाडीतच बाळंत झालेल्या बाईची. बारक्या फारसं सांगायचा नाही, पण एकदा दादानेच विचारलं, "भीती नाही वाटत?" बारक्या म्हणाला, "त्यांची नाही. बाहेर जे उभे असतात त्यांची वाटते. त्यांच्याशी काय बोलावं ते कळत नाही." रविवारी पुतणीचा फोन आला की दादा ओरडायचा, "काकाशी बोल," आणि फोन पुढे करायचा. पलीकडून दोन पोरी एकाच वेळी रडत असायच्या.

मग गोळी दिवसातून एक झाली. बारक्या फक्त संध्याकाळी जाऊ लागला. सकाळी त्याला आपल्या खोलीत चहा गार झाल्याचं कळायचं नाही.

तीन महिने झाले. प्लास्टरमुळे झालेली गुठळी, आता पाय हिंडता-फिरता झाला, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी थांबवली आणि जुनी छोटी पांढरी पुन्हा सुरू केली. दादा काठीवर चालू लागला. काठीच्या टोकाला नवं रबर होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारक्या सवयीने वर गेला. दादा टेबलाशी बसून जेवत होता.

"आज कशाला आलास? गोळी बंद झाली ना."

"हो," बारक्या म्हणाला. "झाली खरी."

दादाच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. त्याला आयुष्यभर वेळापत्रकाने बोलावलं होतं, विनाकारण थांब्यावर थांबायची त्याला सवय नव्हती. बारक्या थोडा वेळ उभा राहिला. नळाचं वॉशर बघतो म्हणाला. नळ गळत नव्हता. मग खाली आला.

आता वरून काही वाजत नव्हतं. बारक्या छताकडे बघत पडायचा आणि पलंग ते मोरी मनातच मोजायचा. त्याचीही निवृत्ती जवळ आली होती. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत त्याला एकटेपण कधी जड गेलं नव्हतं. आता जायला लागलं. इस्पितळात बाई म्हणाल्या, "मामा, हल्ली उशिरा घरी जाता." तो म्हणाला, "बरण्या पुसायच्या राहिल्यात."

चाळीसेक दिवस असे गेले. एका संध्याकाळी दारावर काठी वाजली. दादा होता, जिना उतरून आलेला. हातात छोट्या पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट.

"जरा बघ रे. हीच का ती? डोळ्यांना नीट दिसत नाही हल्ली."

सहा वर्षं रोज घेतलेली गोळी. दादा चष्म्याशिवाय पंपावरच्या पाटीवरचा नंबर वाचायचा.

"बस," बारक्या म्हणाला. "बघावं लागेल नीट."

त्याने पाकीट दिव्याखाली धरलं, उलटंसुलटं केलं, वेळ लावला. मग एक गोळी काढून दादाच्या तळहातावर ठेवली.

"जेवण झालंय का?" दादाने विचारलं.

"तुझं?"

"डबा वर आहे. घेऊन ये. मला दोनदा जिना चढवू नको."

त्यानंतर पाकीट बारक्याच्या खोलीतच राहिलं. दादा रोज खाली यायचा. कधी न आला तर बारक्या एक गोळी मुठीत घेऊन वर जायचा.

असं चार वर्षं चाललं. ज्या वर्षी त्या जुळ्या मुली शाळेत जायला लागल्या, त्या वर्षी जून महिन्यात, बुधवारी सकाळी नऊ वाजता दादा गेला. हृदयाच्या झटक्याने, आपल्याच पलंगावर, आदल्या दिवशीची गोळी घेतलेली असताना. दाखल्यासाठी नेलं तेव्हा इस्पितळाने चिरून बघायचं का असं विचारलं. बारक्या नको म्हणाला. धुणं-पुसणं त्याने स्वतः केलं. पाकिटात नऊ गोळ्या उरल्या होत्या.